पाचशे मिलिमीटरची चाळणी

माझा एक दोष घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकमताने मान्य केलेला आहे. छापलेल्या कागदात चूक दिसली की मला जेवण गोड लागत नाही. रोह्याच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो तेव्हा विद्यार्थी माझ्या मागे मला ‘तिरके सर’ म्हणत. प्राण्याचं शास्त्रीय नाव तिरक्या टायपात नसेल तर मी जर्नल परत फेकत असे, हे त्याचं कारण. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

निवृत्त झालो आणि पेणच्या एका छोट्या संस्थेत जायला लागलो. ही संस्था खाडीचे सर्वेक्षण अहवाल तयार करते. चिखलात उतरणारे तरुण वेगळे, नमुने तपासणारी प्रयोगशाळा वेगळी. माझं काम एकच, अहवाल सरकारी कचेरीत जाण्याआधी डोळ्यात तेल घालून वाचायचा. सकाळच्या गाडीने रोह्याहून पेण, दुपारच्या गाडीने परत. संस्थेच्या प्रमुख बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मला शाळकरी पोरासारखं वागवायच्या. ‘सर, आज किती रक्तपात?’ असं विचारायच्या, कारण मी लाल पेन वापरतो.

रक्तपात व्हायचाच. प्रजातीचं नाव तिरकं, पण कुळाचं सरळ. पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा लहान. प्रजाती ओळखता आली नाही तर पुढे येणारं ‘एस. पी.’ सरळ, तिरकं नाही. आकडा आणि एकक यांच्यात एक मोकळी जागा. ग्रॅमसाठी नुसता g, ‘gm’ नाही. आणि सार्थ अंक, म्हणजे मोजमापाला झेपतील तेवढेच अंक! एका चौरस मीटरमध्ये ३२.६६६७ खेकडे लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं होतं, ‘हा शेवटचा सात म्हणजे खेकड्याचं कुठलं नख?’ ती बिचारी रडायच्या बेतात आली. आज वाटतं, तेव्हा मला एवढी शेखी मिरवायचं काही कारण नव्हतं.

ज्या अहवालाबद्दल सांगतोय तो पेणच्या खाडीकाठच्या एका गावाचा. गाव मिठागरवाल्यांचं आणि शेतकऱ्यांचं. भरती ओसरली की बायका चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढतात, थोड्या घरी, थोड्या पेणच्या बाजारात. या तिसऱ्यांच्या मांसात शिसं किती आहे हे अहवालात द्यायचं होतं. प्रयोगशाळेने तीन नमुने तपासले होते. ०.३६, ०.४१ आणि ०.३८. मसुद्यात सरासरी आली ०.३८३३३३. मी लाल पेनाने मागचे चारही तीन खोडले आणि ०.३८ केलं. नमुने दोन अंकांत मोजले तर सरासरी सहा अंकांत कशी येईल?

त्या मसुद्यात पाच हातांनी पाच प्रकारचे टाइप वापरले होते. मला ते बघवेना. मी संगणकावर अख्खा मजकूर निवडला आणि सगळी सजावट एका दणक्यात पुसून टाकली. अक्षरं एकसारखी झाली. त्यात सगळी शास्त्रीय नावं सरळ झाली, चौरस मीटरवरचा चिमुकला दोन खाली उतरला. हे होणार हे मला माहीत होतं. दोन दिवस बसून मी प्रत्येक नाव पुन्हा तिरकं केलं, प्रत्येक दोन वर चढवला. मोजून.

मग शिशाच्या तक्त्याकडे आलो. तिथे ०.३८ mg/g होतं, म्हणजे एक ग्रॅम मांसात ०.३८ मिलिग्रॅम शिसं. खाण्याच्या पदार्थातली मर्यादा किलोमागे देतात, म्हणून मी तो आकडा किलोत बदलला. हजाराने गुणलं, झाले ३८०. आता ३८० मधला शून्य खरा मोजलेला की नुसता जागा धरून बसलेला, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून मुख्य तक्त्यात मी ३.८ गुणिले दहाचा वर्ग असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. गावासाठी जो मराठी गोषवारा करायचा होता त्यात मात्र सरळ ३८० लिहिलं, लोकांना समजावं म्हणून.

बाईंनी वाचताना भुवया वर केल्या. ‘सर, एवढं?’

‘आकडा प्रयोगशाळेचा आहे,’ मी म्हणालो. ‘मी फक्त एकक बदललंय.’

वरच्या अंगाला कारखाने आहेत, खाडी खराब होतेय ही ओरड जुनी, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. गोषवारा गावाला गेला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला गेला. अंतिम अहवाल देण्याआधी गावाचं म्हणणं ऐकायचं, अशी आमची पद्धत आहे.

फेब्रुवारीच्या मध्याला मला दोन नमुना-ठिकाणांचे अक्षांश-रेखांश अगदी एकसारखे दिसले. कुणीतरी एकच ओळ दोनदा चिकटवली होती. सोमवारी अहवाल द्यायचा होता. तरुण मंडळी दुसरीकडे गेलेली, म्हणून शुक्रवारी मीच जागा नोंदवायचं यंत्र घेऊन पेणहून रिक्षाने निघालो. अकराच्या सुमाराला ओहोटी होती.

बांधावर पोचलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. सप्टेंबरात, कामाच्या सुरुवातीला, मी इथे एकदा आलो होतो. तेव्हा चिखलात पंधरा-वीस बायका वाकलेल्या होत्या, एकमेकींना हाका मारत, हसत. आता पाणी दूर गेलं होतं आणि चिखल लखलखत पसरला होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पक्ष्यांच्या नखांच्या बारीक रेघा तेवढ्या होत्या. मी उगीचच खाकरलो.

बांधाच्या उताराला टोपल्या पालथ्या घातल्या होत्या, ओळीने, प्रत्येकीवर एक दगड. भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघडझापीच्या दाराशी एक लाकडी खांब आहे. त्याच्यावर कुणीतरी डांबराने लिहिलं होतं, ३८०. बाकी काही नाही. एकक नाही, कशाचा आकडा ते नाही. माझा आकडा मला असा एकटा उभा पाहून कसंतरी झालं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो, एककाशिवाय आकडा म्हणजे काहीच नाही. या आकड्याने तर सगळा चिखल रिकामा केला होता.

मी पहिल्या ठिकाणाची नोंद घेतली. दुसऱ्याकडे जाताना बांधावर एक बाई बसलेली दिसली. साठीची असेल, काष्टा मारलेला, पाय खाली सोडलेले. सप्टेंबरात हिनेच आम्हाला कुठे पाय रुततो आणि कुठे नाही ते दाखवलं होतं. तेव्हा तिच्या तोंडाला खळ नव्हता. आता तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा चिखलाकडे. तिच्या बाजूला तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्यांचा ढीग होता. ती एकेक शिंपला उचलून दुसरीकडे ठेवत होती.

‘मावशी, ओळखलंत का?’

‘व्हय. सर तुमी.’ तिचा हात थांबला नाही. ‘दोनशे अकरा.’

‘काय मोजताय?’

‘घराच्या मागं टाकलेल्या व्हत्या. सुनंला घातल्या त्या.’ मग माझ्याकडे न बघता, बाजारभाव विचारावा तसं तिने विचारलं, ‘सर, एका वाटीत किती जात असल?’

‘काय?’

‘तां विष. तुमच्या कागदातला. एका वाटीत किती?’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी हिशेब विचारला की माझ्या डोक्यात आपोआप चक्र फिरतं. शिकवण्याच्या सत्तावीस वर्षांची खोड. मी म्हणालो, वाटीत साधारण शंभर ग्रॅम मांस धरलं तर अडतीस मिलिग्रॅम. वर हेही सांगितलं की ओल्या, म्हणजे न सुकवलेल्या मांसाच्या वजनावर धरलंय. आपलं उत्तर पूर्ण असावं म्हणून!

‘अडतीस,’ ती म्हणाली. ‘रोज एक वाटी. दोन म्हयने.’

मग तिने सांगितलं. सून पाच महिन्यांची पोटुशी होती. अंगात ताकद यावी म्हणून सासूने रोज तिसऱ्यांचा रस्सा करून घातला. सून नको नको म्हणायची, ही बळेच वाढायची. दिवाळीनंतर पोटातलं पोर गेलं. गेलं तेव्हा रडणं झालं, पण कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. मग सव्वीस जानेवारीला कागद वाचला.

‘मीच घातला तिला,’ ती म्हणाली. ‘माज्या हातानं. ती बोलत नाय कायच. पन मना बघते.’

दुसऱ्या ठिकाणाची नोंद घेऊन परत आलो तेव्हा ती तिथेच होती. ‘दोनशे सत्तर,’ ती स्वतःशी म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत मी मागे पाहिलं नाही. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते मला सांगता येत नव्हतं.

त्या रात्री जेवलो नाही. शनिवारी सकाळी पेणला आलो. बाई बाहेरगावी होत्या, कार्यालयात मी एकटाच. नवे अक्षांश-रेखांश घातले आणि म्हटलं, पद्धतीचं प्रकरण शेवटचं वाचून टाकू. त्यात एक वाक्य होतं. चिखलातले जीव वेगळे करण्यासाठी 500 mm जाळीची चाळणी वापरली.

मी पुढे गेलो. चार ओळी पुढे गेल्यावर थांबलो.

चाळणी समोर भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. पितळी कडं, आत तलम जाळी. मी उठून ती उतरवली आणि खिडकीशी धरली. छिद्रं इतकी बारीक की पलीकडचा रस्ता धुक्यात गेल्यासारखा दिसत होता. पाचशे मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. अर्ध्या मीटरच्या भोकांतून खेकडे जातील, चिखल जाईल, मी अख्खा गळून जाईन. ही जाळी पाचशे मायक्रोमीटरची. अर्धा मिलिमीटर.

मग मला शिशाचा तक्ता आठवला.

मायक्रोसाठी ग्रीक म्यू लिहितात, µ. खाली शेपटी असलेलं अक्षर. प्रयोगशाळेतले गृहस्थ जुन्या वळणाचे. कळफलकावर म्यू नाही म्हणून ते साधा m टाइप करत आणि त्या एकट्या अक्षराला ‘सिम्बॉल’ नावाचा टाइप देत. त्या टाइपात m म्यूसारखा दिसतो. दिसायला म्यू, आतून m. मी सगळी सजावट पुसली तेव्हा तो वेषही उतरला. तिरकी नावं मी परत तिरकी केली, चढलेले दोन परत चढवले, कारण ते गेलेले दिसत होते. म्यूच्या जागी मात्र m उभा होता, अगदी शहाण्यासारखा. तिथे काही हरवलंय असं वाटलंच नाही.

कपाटातून प्रयोगशाळेचा मूळ, सहीचा कागद काढला. ०.३८ µg/g. शेपटी स्पष्ट होती. ग्रॅममागे मायक्रोग्रॅम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.३८. मर्यादेच्या पुष्कळ आत. गुणाकार मुळात करायचाच नव्हता. मी हजारपट शिसं माझ्या दोन हातांनी त्या खाडीत ओतलं होतं आणि वर सार्थ अंकांची रांगोळी काढली होती. 

प्रयोगशाळेतल्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी वही काढून तिन्ही आकडे आणि एकक पुन्हा वाचून दाखवलं. ‘मायक्रोच,’ ते म्हणाले. ‘तीनशे ऐंशी मिलिग्रॅम निघाले असते तर मी तुम्हाला तेव्हाच फोन नसता केला का, सर?’ खरंच. हे मला सुचायला हवं होतं. आकड्याचे कपडे तपासता तपासता तो खरा असू शकतो का, हे विचारायचं राहून गेलं.

अख्ख्या अहवालात म्यू सतरा ठिकाणी गळले होते. मी सगळे भरले, या वेळी असे की टाइप बदलला तरी बदलू नयेत. बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘गावाला दुरुस्तीपत्र देऊ.’ मी म्हटलं, ‘पत्र द्याच. मी जाऊन येतो.’

रविवारी सकाळी गेलो. सरपंचांच्या हातात पत्र दिलं, चूक माझी आहे हे त्यांच्यासमोर सांगितलं. ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. ‘म्हंजे आमी तीन आठवडे फुकट उपाशी,’ ते म्हणाले.

मावशींचं घर बांधाला लागून. त्या ओटीवर होत्या. शिंपले आता कोपऱ्यात रचून ठेवले होते, दहा-दहाच्या ओळीत. सून आतल्या दारात उभी होती, पंचविशीची, बारीक. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. अडतीस मिलिग्रॅम नव्हे, मावशी. त्याचा हजारावा भाग. कागद चुकला. कागद मी चुकवला. तिसऱ्यांची चूक नव्हती.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तवा पन तुमीच सांगितलात.’

‘हो.’

‘तवा पन असाच सांगितलात. उभं राहून. हिशेब करून.’

त्या उठल्या, टोपलीवरचा दगड बाजूला केला आणि चिखलाकडे गेल्या. पाणी नुकतंच उतरलं होतं. मी ओटीवर बसून राहिलो. सुनेने पाणी आणून दिलं. तीन आठवड्यांच्या सपाट चिखलावर त्या म्हातारीची एकटीची पावलं उमटत गेली. पाऊण तासाने त्या परत आल्या, तिसऱ्या धुतल्या, चुलीवर ठेवल्या. आतून शिंपले उघडल्याचा टकटक आवाज येत होता, आणि एरवी ज्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटतं त्या वासाने मी तोंड खाडीकडे वळवलं.

त्यांनी माझ्यासमोर ताटली ठेवली. रस्सा, वर खोबरं, दहा-बारा तिसऱ्या.

‘खा,’ त्या म्हणाल्या.

सहीचा कागद मी पाहिला होता. वहीतले आकडे फोनवर ऐकले होते. ग्रॅममागे ०.३८ मायक्रोग्रॅम, तीन नमुने, दोन सार्थ अंक. तरी पहिला शिंपला उचलला आणि माझा हात तोंडाशी थांबला. क्षणभरच. पण मावशींनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त बघत राहिल्या, खांबावरचा आकडा बघावा तशा. माझी मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी खाल्लं. एक, दोन, तीन. चवीचं काही सांगता येणार नाही. चौथी उचलायच्या आत दारातली सून पुढे आली, खाली बसली आणि माझ्या ताटलीतली एक उचलून तिने तोंडात टाकली. मग दुसरी. मावशींनी तिचा हात धरायला हात पुढे केला.

‘ऱ्हाऊ दे आई,’ सून म्हणाली. ‘मना आवडतात.’

मावशींचा हात तसाच मधेच राहिला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या, मोठ्याने, गाव ऐकेल असं. सून खात राहिली आणि डाव्या हाताने त्यांची पाठ चोळत राहिली. मी खाली मान घालून बसलो होतो. जरा वेळाने पदराआडून त्यांनी मला विचारलं, ‘मंग सर, माजा नातू कशानं गेला?’

‘मला माहीत नाही, मावशी,’ मी म्हणालो.

सत्तावीस वर्षांत वर्गात हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. सुनेने उरलेली ताटली माझ्यासमोर सरकवली, आणि आम्ही दोघांनी ती संपवली.